कारल्याच्या कुरकुरीत चकत्या : पाणी कुठं, कसं आणि किती काढायचं

पाव किलो कारल्यांच्या चकत्या तळल्या की शेवटी हाती एक मोठी वाटी लागते, वजनानं जेमतेम तीस ग्रॅम. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. चुकलेलं काही नसतं. कारल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. देठ, शेंडे आणि जून बिया काढल्यावर उरलेल्या दोनशे ग्रॅममध्ये पाणी सोडून जो ऐवज असतो, तो पंधरा ग्रॅमच्या आसपास. बाकीचं वजन तेलाचं. म्हणजे चकती कुरकुरीत करायची तर तिच्यातलं जवळजवळ सगळं पाणी बाहेर काढावं लागतं, आणि ते तीन ठिकाणी निघतं : आधी मिठात, मग वाऱ्यावर किंवा उन्हात, आणि शेवटी तेलात. पहिल्या दोन ठिकाणी कुचराई केली की सगळा भार तेलावर पडतो. मग चकती एकतर बाहेरून करपून आत मऊ राहते, नाहीतर बराच वेळ तेलात लोळून तेलकट होते.

इथं मी बोलतेय त्या पातळ, पूर्ण कुरकुरीत चकत्यांबद्दल. रवा-तांदळाचं पीठ लावून तव्यावर भाजतात ती कापं वेगळी. कापांना आतला मऊपणा हवा असतो म्हणून ती जाड चिरतात. त्यांचं माप इथं लावू नका.

बेळगाव जिल्ह्यात हा पदार्थ करताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात दिवसेंदिवस ऊन दिसत नाही आणि हवेतच इतका ओलावा असतो की दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. अथणी, रायबागकडं मात्र चैत्र-वैशाखात दोन तासांत कापड कडक होतं. कृती दोन्हीकडं एकच, पण वाळवण्याची वेळ आणि पद्धत पार बदलते. एकीकडच्या वेळा दुसरीकडं वापरल्या तर चकत्या बिघडणारच.

कारली घेणं आणि चिरणं

मंडईत मध्यम आकाराची, हिरवीगार, दाबल्यावर टणक लागणारी कारली घ्या. कानडी बोलणाऱ्या मावशींकडं 'हागलकाई' म्हणून मागितलं तरी मिळतील. पिवळट झाक आलेलं एकही घेऊ नका. पिकायला लागलेल्या कारल्यात साखर वाढते, गर मऊ पडतो, आणि तेलात ते बाकीच्यांच्या आधी काळं होतं. एका घाण्यात अशा चार चकत्या असल्या तरी सगळ्या घाण्याची वेळ चुकते, कारण तुम्ही त्यांच्या रंगाला घाबरून झारा लवकर घालता.

कारली धुऊन कोरडी पुसा. वरचे उंचवटे सुरीनं अगदी हलके खरवडा, फक्त टोकं जातील इतकेच. ही टोकं पातळ असल्यामुळं आधी करपतात. साल पूर्ण काढायची गरज नाही. साल गेली की चकतीला आकार धरायला काही उरत नाही. खरवडलेला चुरा टाकू नका, थालीपिठाच्या पिठात मिसळला की खपून जातो.

चकत्या दोन मिलिमीटर जाडीच्या आडव्या चिरा. विळीवर सवयीचा हात असेल तर विळीच बरी, नाहीतर चिप्सची किसणी वापरा. एकसारखी जाडी राखणं हे पातळपणापेक्षाही महत्त्वाचं आहे. सगळ्या अडीच मिलिमीटरच्या असल्या तरी चालेल, वेळ थोडा वाढेल एवढंच. अर्ध्या दीडच्या आणि अर्ध्या तीनच्या असल्या तर काहीच करता येत नाही. बिया कोवळ्या, पांढऱ्या आणि नखानं दबणाऱ्या असतील तर राहू द्या, तळल्यावर त्या छान लागतात. कडक झाल्या असतील तर त्या काढून नुसती कडी ठेवा. कडक बी तेलात फुटतं आणि खाताना दाताखाली येतं.

मीठ : काढायचं वेगळं, खायचं वेगळं

दोनशे ग्रॅम चकत्यांना चहाचा एक सपाट चमचा मीठ, म्हणजे साधारण पाच ग्रॅम. परातीत चकत्या पसरून मीठ भुरभुरा, हातानं हलकं चोळा आणि तीस ते चाळीस मिनिटं परात थोडी तिरकी करून ठेवा. मीठ चकतीच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढतं आणि त्या पाण्याबरोबर कडू द्रव्याचा काही भाग निघून जातो. सगळा कडूपणा जात नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. कडू न लागणारं कारलं खायचंच कशाला? मीठ जिभेवरचा कडूपणाही दाबतं, त्यामुळं प्रत्यक्षात निघाला त्याहून जास्त निघाल्यासारखं वाटतं.

झालं की नाही हे घड्याळापेक्षा चकती चांगलं सांगते. मीठ लावण्याआधी एक चकती वाकवून बघा, कट्कन मोडेल. अर्ध्या तासानं तीच न मोडता दुमडली पाहिजे. परातीच्या उतरत्या बाजूला हिरवट पाणी साठलेलं दिसेल. अजून मोडत असेल तर दहा मिनिटं थांबा. तासाच्या पुढं मात्र ठेवू नका. मग मीठ आतपर्यंत मुरतं आणि ते परत काढणं अवघड जातं.

बहुतेकांच्या चकत्या इथंच खारट होतात. 'मीठ लावून अर्धा तास ठेवा, पिळून तळा' एवढंच सांगितलेलं असतं आणि ते तसंच केलं जातं. जरा हिशेब करून बघा. आपण घातलं पाच ग्रॅम. पिळताना त्यातलं बरंच पाण्याबरोबर जातं, पण सगळं जात नाही. समजा तीन ग्रॅम उरलं. दोनशे ग्रॅम भाजीत तीन ग्रॅम मीठ म्हणजे जिभेला ठीकच. पण या चकत्या तळून तीस ग्रॅम होणार आहेत. पाणी उडतं, मीठ उडत नाही. तेच तीन ग्रॅम आता तीस ग्रॅममध्ये आहे, म्हणजे दहावा हिस्सा मीठ. तोंडात घालवणार नाही.

म्हणून मिठानं काम केलं की चकत्या एकदाच, भरपूर थंड पाण्यात बुचकळून लगेच उपसा. मोजून दहा-पंधरा सेकंद. वरचं खारट पाणी जातं आणि आतला मिठाचा जो अंश उरतो तो तळल्यावर बरोबर पुरतो. पाण्यात भिजत ठेवलंत तर चकत्या सोडलेलं पाणी परत पितात आणि अर्ध्या तासाची मेहनत फुकट जाते. उपसल्यावर मूठ-मूठ घेऊन दोन्ही तळव्यांत दाबून पिळा. कपडा पिळतात तशी मुरड घालू नका, कडी फाटतात.

हळद लावायची असेल तर ती पिळल्यावर, वाळत घालण्याआधी, पाव चमचा. तिखट आत्ता मुळीच नको. ते तेलात जळून काळं होतं, तेल खराब करतं आणि खाट उठते ती वेगळीच.

वाळवणं : चैत्रात आणि आषाढात

पिळलेल्या चकत्या जुन्या सुती धोतरावर किंवा पंचावर सुट्या सुट्या मांडा. एकीवर एक आली की तेवढा भाग ओला राहतो. वर दुसरं कापड ठेवून तळव्यानं दाबा, दिसणारं पाणी टिपून घ्या. इथून पुढं ऋतू सांगेल तसं करायचं.

कोरड्या दिवसांत, म्हणजे दिवाळीनंतर मे अखेरपर्यंत, घरात पंख्याखाली तास-दीड तास पुरतो. सावलीतल्या वाऱ्यावर एक तास. उन्हात ठेवल्या तर पाऊण तासानं बघाच, कारण कडेनं लवकर कडक होतात. आपल्याला चकती अर्धीच सुकवायची आहे. बोटाला ओल लागू नये, दोन चकत्या एकमेकींना चिकटू नयेत, पण वाकवली तर चामड्यासारखी वाकावी. या टप्प्याला चकत्यांचं वजन सुरुवातीच्या निम्म्याजवळ येतं. घरात वजनकाटा असेल तर पहिल्या एक-दोन वेळा वजन करून बघा, पुढं हाताला कळतं.

पावसाळ्यात खानापूरकडं हेच तीन तासांत होत नाही. पंखा लावून ठेवला तरी हवाच ओली, ती पाणी घेणार कुठून? अशा वेळी दोन उपाय आहेत. पहिला, मोठी कढई किंवा तवा अगदी मंद आचेवर ठेवून चकत्या कोरड्याच पसराव्यात आणि पाच-सहा मिनिटं उलथ्यानं हलवत राहावं. वाफ निघताना दिसते. ती कमी झाली की काढून पंख्याखाली अर्धा तास. तेल, पाणी काही घालायचं नाही आणि रंगही बदलू द्यायचा नाही. दुसरा उपाय सवडीचा : ताटात पसरून झाकण न ठेवता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणं. फ्रिजमधली हवा कोरडी असते, सकाळी चकत्या बरोबर हव्या तशा मिळतात. कारल्याचा वास दुधाला लागतो, तेवढं दूध झाकून ठेवा. पावसाळ्यात अर्धवट सुकलेल्या चकत्या रात्रभर ओट्यावर मात्र ठेवू नका. सकाळी आंबूस वास येतो आणि हाताला बुळबुळीत लागतात. तशा झाल्या तर टाकून द्या.

अथणी-चिकोडीकडं कडक उन्हाळ्यात पूर्ण वाळवून वर्षाची बेगमी करणारी घरं आहेत. कानडी घरांत ताकात मुरवलेल्या मिरच्यांचं बाळक करतात, तसंच कारल्याचंही. त्यासाठी चकत्या गच्चीवर दोन-तीन दिवस, संध्याकाळी घरात घेत, मोडल्यावर कट्कन आवाज येईपर्यंत वाळवतात आणि डब्यात भरतात. त्या तळणं हा वेगळा मामला आहे. त्यांच्यात पाणीच नसल्यानं वीस-तीस सेकंदांत होतात. पुढं सांगितलेल्या वेळा त्यांना लावल्या तर कोळसा होईल.

तांदळाचं पीठ लावावं का? कोरड्या हवेत मी लावत नाही. नुसत्या कारल्याची चव त्यात झाकली जाते. पावसाळ्यात मात्र शंभर ग्रॅम सुकलेल्या चकत्यांना एक मोठा चमचा पीठ भुरभुरवते. ते वरची उरलीसुरली ओल शोषतं आणि चकती जरा जास्त वेळ कुरकुरीत राहते. पीठ तळायच्या क्षणीच लावायचं. आधी लावून ठेवलं की त्याचा चिकट लेप होतो आणि चकत्यांचे गठ्ठे पडतात.

तेल : किती, किती गरम, किती वेळ

आपल्याकडं शेंगतेल सगळ्यांच्या सवयीचं आणि त्याचा वास कारल्याला शोभतो. रिफाइंड शेंगतेल किंवा सूर्यफूल तेल तळणीला निर्धास्त वापरा. घाण्याचं तेल वापरणार असाल तर ते लवकर धूर सोडतं, म्हणून आच कायम एक पायरी खाली ठेवा. घाण्याचं करडईचं तेल तर त्याहूनही लवकर धुरकटतं, ते फोडणीलाच राहू द्या.

नऊ-दहा इंची कढईत अर्धा लिटर तेल घ्या. कढई निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. ओली चकती पडली की तेल फेसाळून दुपटीनं वर येतं, त्याला जागा हवी. झारा, चाळण, परात आधीच जवळ घेऊन ठेवा. गॅस सोडून त्या शोधायला जायची वेळ येऊ नये.

तेल १६० अंश सेल्सियसला आलं की चकत्या टाकायच्या. थर्मामीटर नसेल तर एकच चकती सोडून बघा. ती तळाला गेली, लगेच भोवती बुडबुडे सुटले आणि तीन-चार सेकंदांत वर आली, तर तेल तयार आहे. तळाशी बसून एखाद-दुसरा बुडबुडा सोडत राहिली तर तेल थंड आहे, अशा तेलात चकती आधी तेल पिते. टाकल्याटाकल्या उसळून वर आली आणि अर्ध्या मिनिटात कडा तांबूस झाल्या तर तेल फार तापलं आहे. गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा.

सुकवून शंभर ग्रॅमवर आलेल्या चकत्यांचे दोन घाणे करा. सगळ्या एकदम टाकायचा मोह होतो. पण पन्नास ग्रॅम चकत्यांतलं पाणी उकळून वाफ व्हायला बरीच उष्णता लागते आणि ती तेलातून ओढली जाते. तेल १६० वरून १४० च्या आसपास उतरतं, तेवढं चालतं. शंभर ग्रॅम एकदम टाकल्या तर ते १२० च्या खाली जाऊ शकतं, मग फेस थांबता थांबत नाही आणि चकत्या तेलात शिजत बसतात.

चकत्या कढईच्या कडेनं, हात तेलाजवळ नेऊन सोडा. वरून टाकल्या की तेल उडतं. गॅस मध्यम. पहिलं अर्धं मिनिट झारा घालू नका, कारण ओल्या चकत्या मऊ असतात आणि झाऱ्याला धडकून मोडतात. नंतर हलक्या हातानं उलथत राहा.

यापुढचं काम कानाचं आहे. माझ्या सासूबाई तळताना मागं बसून शेंगा सोलत असायच्या आणि तिथूनच सांगायच्या, "अगं, आवाज बसला बघ, आच उतर." सुरुवातीला कढई गजबजून चर्र चर्र करते, मोठे बुडबुडे उसळतात. ती मोकळ्या पाण्याची वाफ. दोन-तीन मिनिटांनी बुडबुडे लहान आणि विरळ होतात, आवाज खाली येतो. आता चकतीच्या आत अडकलेलं पाणी हळूहळू निघतंय. चौथ्या-पाचव्या मिनिटाला फेस जवळजवळ थांबतो आणि झाऱ्यानं हलवलं की चकत्या एकमेकींवर आपटून कोरडा खडखड आवाज करतात. हा खडखडाट ऐकू आला की त्या झाल्या. रंग बघा : हिरव्यातून सोनेरी आणि कडेला बदामी. पूर्ण तपकिरी होण्याची वाट बघू नका, बाहेर काढल्यावरही रंग थोडा चढतो.

नवख्यांचे सगळ्यात जास्त घाणे या शेवटच्या मिनिटात करपतात, आणि त्याला कारण आहे. चकतीत पाणी असेपर्यंत तेलाची उष्णता वाफ करण्यात खर्च होते, त्यामुळं गॅस तोच असला तरी तेल १४०-१५० च्या पुढं सरकत नाही. पाणी संपलं की तो खर्च थांबतो. त्याच आचेवर तेल झपाट्यानं तापायला लागतं आणि सोनेरी चकती काळपट व्हायला वीस-तीस सेकंद पुरतात. म्हणून फेस थांबत आला की आच मंद करायची. चार मिनिटं मध्यम, शेवटचं मिनिट मंद, असं धरून चाला. पीठ लावलेल्या चकत्यांना अर्धं-पाऊण मिनिट जास्त लागेल.

दुसरा घाणा टाकण्याआधी तळाशी राहिलेला चुरा आणि बिया झाऱ्यानं काढून टाका, नाहीतर त्या जळून तेलाला कडवट करपट वास येतो. तेल परत १६० ला आलं का, हे पुन्हा एक चकती टाकून बघायचं. कधी तेलातून धूर येऊ लागला तर गॅस बंद करून झाकण ठेवा आणि कढई हलवू नका. गरम तेलात पाणी कधीही घालायचं नाही, पेट घेतला तरी नाही.

कढईतून काढल्यावर

झाऱ्यात चकत्या घेऊन कढईवरच आठ-दहा सेकंद धरा, दोन झटके द्या. तेल कढईत निथळलं पाहिजे. चकती तेल पिते ती मुख्यतः बाहेर आल्यावर. तळताना आतून वाफ बाहेर ढकलत असते, त्यामुळं तेलाला आत शिरायला वाट नसते. थंड होताना आतली वाफ आटते, पोकळी तयार होते आणि वर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून गरम असतानाच वरचं तेल जेवढं झाडाल तेवढी चकती हलकी.

मग परातीवर स्टीलची चाळण ठेवून त्यात एकेरी पसरा. कागदावर ढीग करायचा नाही. खालच्या चकत्या आपल्याच वाफेनं मऊ पडतात. छापील वर्तमानपत्र तर मुळीच नको, शाई लागते.

गरम असतानाच एक चकती चाखून बघा, मगच मीठ घालायचं की नाही ते ठरवा. बहुधा लागणार नाही. तिखट आत्ता भुरभुरवा. संकेश्वरी मिरचीचं असेल तर चिमटीनंच, ती जहाल असते. रंग हवा आणि तिखटपणा बेताचा हवा तर ब्याडगी घ्या. चिमूटभर पिठीसाखर टाकणारेही आहेत. मला स्वतःला नुसतं तिखट आवडतं. आमटी-भाताबरोबर या चकत्या ताटात बाजूला वाढा, आमटीत बुडवू नका.

पूर्ण गार व्हायला वीस-पंचवीस मिनिटं द्या. किंचित कोमट असताना डब्यात भरलं की झाकणाला आतून घाम येतो आणि संध्याकाळपर्यंत सगळं लवलवीत. कोरड्या दिवसांत घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर छान राहतात. पावसाळ्यात दोन-तीन दिवसच धरा, आणि एका मोठ्या डब्यापेक्षा दोन लहान डब्यांत भरा, म्हणजे एक उघडला तरी दुसरा बंद राहतो.

बिघडलं तर कुठं बिघडलं

तळून काढल्या तेव्हा कुरकुरीत होत्या आणि दहा मिनिटांत मऊ पडल्या, तर मधल्या भागात पाणी राहिलं आहे. खडखडाट ऐकायच्या आधी काढल्या गेल्या. तेल १५० ला आणून त्याच चकत्या परत मिनिटभर मंद आचेवर तळा, बहुतेक वेळा सुधारतात. डब्यात ठेवून नंतर मऊ झाल्या असतील तर तेलाची गरज नाही. कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता आणि गार होऊ द्या. हवेतून घेतलेला ओलावा तेवढ्यानं निघतो.

कडा काळ्या पण मधला भाग वाकतो, असं झालं तर सुरुवातीलाच तेल जास्त तापलेलं होतं किंवा चिराई जाड-पातळ झाली. चकत्या तोंडाला तेलकट लागल्या आणि हातही माखला, तर तेल थंड होतं, घाणा मोठा होता किंवा चकत्या पुरेशा सुकवल्या नव्हत्या. यातलं काय झालं ते फेसावरून ओळखता येतं. पाच मिनिटांनंतरही मोठे बुडबुडे येत असतील तर ओल जास्त होती. बुडबुडे मुळापासूनच मरगळलेले असतील तर तेल थंड.

खारट झाल्या तर तळल्यावर उपाय नाही. कुटून दह्यात कालवा, कांदा घाला, भाकरीबरोबर खपतील. पुढच्या वेळी बुचकळायला विसरू नका.

अळकुड्यांचं गणित वेगळं

हीच पद्धत अळकुड्यांना जशीच्या तशी लावू नये. अळकुडीत पाणी कारल्यापेक्षा बरंच कमी आणि पिष्ट भरपूर असतं. मीठ लावून ठेवलं तर पाणी थोडंच सुटतं आणि वर बुळबुळीत चीक येतो. पिळायला गेलात तर चकत्या तुटतात. म्हणून इथं मिठानं पाणी काढण्याचा टप्पाच गाळायचा.

सोलताना हाताला तेल लावा. अळकुडीत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी हात खाजतात. सोलून दोन मिलिमीटरच्या चकत्या करा आणि चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पातळ पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. मग दोन पाण्यांनी धुवा, चीक आणि सुटं पिष्ट जाईपर्यंत. सुटं पिष्ट राहिलं तर चकत्या तेलात एकमेकींना चिकटतात. कापडावर पसरून टिपा आणि पंख्याखाली अर्धा-पाऊण तास वाळवा. वरची ओल गेली की पुरे.

तेल १६५ ते १७० अंशांना घ्या आणि चकत्या एकेक करून सोडा. सुरुवातीचं मिनिटभर चिकटू नयेत म्हणून झाऱ्यानं सुट्या करत राहा. चार-पाच मिनिटांत होतात. आवाजाची खूण इथंही लागू पडते, रंग मात्र फिका बदामी असतानाच काढा. पिष्टाच्या पदार्थाला फार तांबूस करून काही मिळत नाही, कडवट चव येते आणि तसं खाणं बरंही नाही. अळकुडी कच्ची राहिली तर घसा खवखवतो, म्हणून घाणा काढण्याआधी सगळ्यात जाड चकती निवडून ती मोडून बघा. मधे पांढरी, ओलसर रेघ दिसली तर अजून एक मिनिट. मीठ वरूनच, गरम असताना, बारीक करून. पाव किलोच्या चकत्या कारल्याच्या दुपटीहून जास्त भरतात, त्यामुळं घाणे चार-पाच धरा आणि त्या हिशेबानं वेळ काढून ठेवा.

दोन्ही एकाच दिवशी करणार असाल तर अळकुड्या आधी तळा, कारली शेवटी. कारल्यानंतरच्या तेलाला त्याचा वास राहतो. ते गाळून बाटलीत ठेवा आणि कारल्याच्या भाजीच्या फोडणीला आठवड्याभरात वापरून टाका.